पोराचा फंड काढायचा की राहू द्यायचा?

आपल्या सेनगाव, औंढा, कळमनुरी भागातली पोरं वाळूजला, चाकणला, रांजणगावला कंपन्यांत कामाला आहेत. कुणाचा लेक आहे, कुणाचा जावई, कुणाचा दीर. दिवाळीला किंवा हळदीच्या काढणीला ती घरी आली की गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगं म्हणतंय फंड काढून घेतो. तिथं आठ टक्केच व्याज आहे. तेच पैसे मोबाइलवरून एसआयपीत टाकले तर बारा-पंधरा टक्के मिळतात. खरं का?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पोरगं अगदीच चुकीचं बोलत नाही, पण त्यानं अर्धाच हिशेब केलेला असतो. आज आपण पूर्ण हिशेब करू. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

समजा, एका पोराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १२,००० रुपये आहे. कायद्यानं त्यातले १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, त्याच्या पगारातून फंडासाठी कापतात. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण पगाराच्या चिठ्ठीवर ते दिसतं आणि डोळ्यांत खुपतं. पण तेवढेच १,४४० रुपये मालकानंही स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ १,००० रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ४४० रुपये पोराच्या फंडात पडतात. म्हणजे फंडात दर महिन्याला १,४४० अधिक ४४०, असे १,८८० रुपये जमा होतात आणि पेन्शनसाठी १,००० वेगळे. पोराच्या पगारातून गेले १,४४० आणि त्याच्या नावावर जमा झाले २,८८०. दुप्पट. हे पहिल्याच महिन्यात होतं, व्याजाची गोष्ट अजून सुरूसुद्धा झालेली नाही.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती पुष्कळ ठिकाणी घडते. काही ठेकेदार पोराच्या पगारातून दोन्ही वाटे कापतात. "तुझे बारा आणि कंपनीचे बारा" असं म्हणून २,८८० कापून मोकळे होतात. हे बेकायदेशीर आहे. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. चिठ्ठी मागा आणि बघा.

आता फंडाचं पुढं काय होतं ते पाहू. फंडावर दरवर्षी सरकार व्याजाचा दर जाहीर करतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तो ८.२५ टक्के होता. त्याच्या आधी २०२१-२२ ला ८.१० टक्के होता. पुढची पंचवीस वर्षं तो किती राहील हे कुणी लिहून देणार नाही, म्हणून आपण हिशेबाला ८ टक्केच धरू. पगारही १२,००० वरच थांबला असं धरू. खरं तर तो वाढेल, पण दोन्हीकडची तुलना करायला आकडा एकच ठेवलेला बरा. महिन्याला १,८८० रुपये, पंचवीस वर्षं, ८ टक्क्यांनी. भरलेले पैसे होतात ५ लाख ६४ हजार. हाती येतात सुमारे १७ लाख.

पेन्शनच्या १,००० रुपयांचा हिशेब वेगळा असतो आणि इथंच माणसं गोंधळतात. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. त्याच्यावर दरवर्षी व्याज चढत नाही. पोरगं ते बघून म्हणतं, "बघ, माझ्या पैशाला व्याजच नाही, खाल्ले त्यांनी." तसं नाही. तो पैसा साठवायचा नसतो, त्यातून हक्क तयार होतो. पेन्शनचं सूत्र सोपं आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी काढायची, तिला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. नोकरी वीस वर्षं किंवा जास्त झाली असेल तर दोन वर्षं वरून मिळतात. आपल्या पोराची पंचवीस झाली, म्हणून सत्तावीस धरू. १२,००० गुणिले २७, भागिले ७०. उत्तर येतं ४,६२९ रुपये महिना, वयाच्या ५८ व्या वर्षापासून मरेपर्यंत. त्याच्या मागं बायकोला त्याच्या निम्मे.

या सूत्रात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. म्हणून पगार पन्नास हजार असला तरी पेन्शन १५,००० वरच निघते. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून आहे. त्या तारखेनंतर पहिल्यांदाच फंडात आलेल्या आणि सुरुवातीलाच १५,००० च्या वर मूळ पगार असलेल्या माणसाला तर पेन्शन योजनेत घेतच नाहीत, त्याचे दोन्हीकडचे पैसे फंडातच जातात. आपल्या घरच्या बहुतेक पोरांचा मूळ पगार त्याच्या खाली असतो, म्हणून त्यांना फंड आणि पेन्शन दोन्ही सक्तीचे आहेत.

सक्तीचे आहेत, तरी वाट काढली जाते. ठेकेदार म्हणतो, "फंड नको असेल तर ते १,४४० हातात देतो, कागदावर तुझं नाव दाखवत नाही." पोराला बरं वाटतं. तो म्हणतो, मी हे पैसे म्युच्युअल फंडात टाकतो. ठीक आहे, त्याच्यासारखाच हिशेब करू. महिन्याला १,४४० रुपये, पंचवीस वर्षं. बाजारानं सरासरी १२ टक्के दिले तर सुमारे २७ लाख होतात. १० टक्के दिले तर १९ लाख. ८ टक्केच दिले तर पावणेचौदा लाख.

दुसऱ्या बाजूला फंडाचे १७ लाख आहेतच, शिवाय ४,६२९ रुपयांची पेन्शन आहे. एवढी रक्कम दर महिन्याला बँकेच्या व्याजातून हवी असेल तर साडेसहा टक्के दरानं साडेआठ लाख रुपये ठेवावे लागतात. ठेवीत मुद्दल शिल्लक राहते आणि पेन्शनमध्ये राहत नाही, हेही मान्य करू. तरी ढोबळमानानं फंडाची बाजू साडेपंचवीस लाखांची झाली. म्हणजे बाजारानं पंचवीस वर्षं सलग सरासरी १२ टक्के दिले तर पोरगं थोडंसं पुढं राहतं. १० दिले तर साडेसहा लाखांनी मागं पडतं. कारण बाजारात कमी मिळतं असं नव्हे. कारण त्यानं मालकाचा वाटा सोडून दिला.

इथं कुणी विचारेल, मालकानं दोन्ही वाटे, पूर्ण २,८८० रुपये, हातात दिले तर? मग १० टक्क्यांनीही पंचवीस वर्षांत ३८ लाख होतात आणि कागदावर बाजार जिंकतो. हे मी लपवणार नाही. पण आपला वाटा आनंदानं हातात देणारा ठेकेदार मला अजून दिसायचा आहे. आणि कागदावरचे ३८ लाख हातात पडायला त्या पोरानं पंचवीस वर्षं एकही हप्ता चुकवू नये लागतो. बहिणीच्या लग्नाला, बोअरला, दवाखान्याला त्यातलं काही काढू नये लागतं आणि बाजार पडला तेव्हा घाबरून विकू नये लागतं. आपल्या घरांत हे किती जमतं ते तुम्हीच सांगा.

बाजार पडतो म्हणजे काय होतं, ते आपल्याला हळदीवरून चांगलं कळतं. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव पडला की ज्याच्या घरी दुसरी आवक आहे तो पोती गोदामात ठेवतो आणि थांबतो. ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे, पोरीचं लग्न काढायचं आहे, तो त्या दिवशीच्या भावाला देऊन येतो. दोघांची हळद एकाच वाफ्यातली असली तरी पैसे वेगळे. शेअर बाजारातही असंच आहे. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स, २१,००० च्या पुढं गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर आला. ज्याचे त्यात १० लाख होते त्याचे १४ महिन्यांत ३ लाख ९० हजारांच्या आसपास राहिले. २०१० च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक पुन्हा २१,००० ला पोचला. जो तीन वर्षं थांबू शकला त्याचं फारसं बिघडलं नाही. पण जो २००९ च्या मार्चमध्ये ५८ वर्षांचा झाला आणि ज्याचा पगार बंद झाला, तो थांबणार कसा? त्याला दर महिन्याला किराणा आणि गोळ्या-औषधं लागतात. त्यानं पडलेल्या भावात विकलं आणि जे विकलं ते पुन्हा वर गेलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, पुन्हा तेच झालं. जानेवारीत ४२,००० च्या जवळ गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्याही खाली बंद झाला.

म्हणून मी म्हणते, म्हातारपणीच्या पैशाचा पाया फंड आणि पेन्शनचा असू द्या. बाजार वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. भविष्य निर्वाह निधी संघटनासुद्धा २०१५ पासून फंडात नव्यानं येणाऱ्या पैशातला काही भाग शेअर बाजारात लावते, आधी ५ टक्के होता, मग वाढवत १५ टक्क्यांपर्यंत नेला. म्हणजे पोराच्या फंडात थोडा बाजार आधीच आहे. फक्त तिथं भाव पडला म्हणून त्याच्या पासबुकातला आकडा कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. पाया म्हणावा तर तो पुरेसा पक्का आहे का? तर पेन्शनच्या बाबतीत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तिला ईपीएस-९५ म्हणतात. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेल्या माणसांना हीच पेन्शन मिळते. समजा, एक माणूस योजना सुरू झाली तेव्हा कारखान्यात लागला आणि नोव्हेंबर २०१३ ला निवृत्त झाला. अठरा वर्षं नोकरी. त्या वेळी पगाराची मर्यादा ६,५०० होती, त्याचा खरा पगार कितीही असो. ६,५०० गुणिले १८, भागिले ७०. पेन्शन बसली १,६७१ रुपये. तेव्हा ती कमी होतीच, पण खरी अडचण पुढं आहे. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २०१३ ला १,६७१ होती, आजही १,६७१ च आहे. तेलाचा डबा आणि गॅसची टाकी मात्र तिथं थांबली नाही.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, राज्यसभेच्या एका समितीनं ती ३,००० करावी अशी शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढं आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ती शिफारस तशीच राहिली. शेजारच्या बुलढाण्यात या पेन्शनधारकांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. त्यांची मागणी महिन्याला किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायकोला मोफत औषधोपचार, अशी आहे. उपोषणाला बसलेल्यांत सत्तरीच्या पुढची माणसं होती. त्यांची मागणी मला रास्त वाटते. ज्यानं आयुष्यभर भरलं त्याला महिन्याला हजार देणं म्हणजे थट्टा आहे.

तर मग पोराचं म्हणणं बरोबर ठरलं का? नाही. पेन्शन कमी आहे म्हणून ती सोडायची नाही, ती कमी आहे हे धरून तिच्या जोडीला काही उभं करायचं. त्याबद्दल शेवटी बोलते. त्याच्या आधी एक मोठी गळती बुजवायला पाहिजे. आपल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं आणि ते कुणाला दिसत नाही.

पोरगं वाळूजला चार वर्षं काम करतं. काम सुटतं. ते फंड काढून घेतं आणि फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसेही काढतं. मग चाकणला पाच वर्षं. पुन्हा काम बदललं, पुन्हा दोन्ही काढले. मग रांजणगावला आठ वर्षं आणि नंतर गावी येऊन शेती. एकूण काम केलं सतरा वर्षं. पेन्शन किती? शून्य. कारण पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. पहिली नऊ वर्षं त्यानं पैसे घेऊन स्वतःच पुसून टाकली आणि शेवटची आठच उरली. तेच पोरगं दर वेळी पैसे न काढता खातं नव्या कंपनीत वळतं करत गेलं असतं, तर सतरा वर्षं धरली गेली असती. १२,००० गुणिले १७, भागिले ७०, म्हणजे महिन्याला २,९१४ रुपये, जन्मभर. मध्ये काढलेले ते पैसे कशात गेले? बहुतेक वेळा मोटारसायकलच्या हप्त्यात नाहीतर उधारी फेडण्यात.

काम सुटलं आणि नवं लवकर मिळणार नाही असं दिसलं, तर फंडातली गरजेपुरती रक्कम काढली तरी चालेल, पण पेन्शनचा रकाना हलवू नका. फॉर्म १०-सी हा एकच फॉर्म दोन कामांना असतो. त्यात पैसेही मागता येतात आणि त्याऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट'ही मागता येतं. ते सर्टिफिकेट म्हणजे आतापर्यंतच्या नोकरीची नोंद. पाच वर्षांनी पुन्हा काम लागलं तर ती वर्षं त्यात मिळवतात. फॉर्म भरून देणारा सेतूवाला सहसा हे विचारत नाही. तो पैशांपुढं खूण करतो, कारण समोरच्याला पैसे हवे असतात. आपण सांगायचं.

आता मैत्रिणींनो, तुमच्याशी थेट संबंध असलेला भाग. नोकरीत असताना माणूस गेला तर काय मिळतं, हे आपल्या बायांना कुणी सांगत नाही. म्युच्युअल फंडात टाकलेले पैसे असतील तर त्या दिवशी त्यांची जी किंमत असेल तेवढी मिळते, त्यापेक्षा जास्त काही नाही. फंडाच्या बाबतीत तीन गोष्टी मिळतात. समजा, तोच १२,००० पगाराचा पोरगा तीन वर्षं नोकरी करून अपघातात गेला. पहिली गोष्ट, त्याच्या फंडात जमलेले सुमारे पाऊण लाख रुपये. दुसरी, त्याच्या विधवा बायकोला महिन्याची पेन्शन. इथं दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. ही पेन्शन किमान १,००० रुपये असते आणि त्याशिवाय दोन मुलांना, ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत, प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या चौथा हिस्सा. तिसरी गोष्ट विमा. याचा हप्ता फक्त मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक रुपया जात नाही. पगाराच्या ३५ पट, म्हणजे इथं ४ लाख २० हजार, आणि त्यावर फंडातल्या शिलकीच्या निम्मे, असे साधारण साडेचार लाख मिळतात. या विम्याची वरची मर्यादा ७ लाख आहे.

या तिन्हींसाठी फॉर्म वेगळे. फंडासाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी फॉर्म १०-डी आणि विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. बऱ्याच घरांत फक्त पहिला भरला जातो. पाऊण लाख आले की माणसं समजतात, संपलं. विमा आणि पेन्शन मागायची राहून जाते. तुमच्या गटात अशी कुणी ताई असेल, जिचा नवरा कंपनीत कामाला असताना गेला आणि तिला एकदाच पैसे मिळाले, तर तिच्याकडे हे तीन फॉर्म भरले होते का ते जरूर विचारा.

वारसाच्या नावाचंही बघा. पोरगं कामाला लागतं तेव्हा बिनलग्नाचं असतं, आईचं नाव लावतं. लग्न झालं की ते आधीचं नाव नियमानं रद्द होतं आणि नव्यानं लावावं लागतं. पोरं ते करत नाहीत. मग नवरा गेल्यावर सासू आणि सून दोघींना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि घरात नको ते बोलणं होतं. हे नाव आता मोबाइलवरून लावता येतं, त्याला बायकोचा आधार क्रमांक, फोटो आणि बँक खातं लागतं. सुनेचं नाव लावायला सासूनंच पुढाकार घेतला तर फार बरं होतं, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं मिळणार कधी? पैसे खरोखर भरले जात असतील तरच. चिठ्ठीवर फंड कापलेला दिसतो पण पुढं भरलेलाच नसतो, असंही घडतं. ते ओळखायचं कसं? प्रत्येक कामगाराला बारा आकडी यूएएन नंबर असतो. कंपनी बदलली तरी तो एकच राहायला हवा. नव्या ठेकेदारानं नवा नंबर काढून दिला तर तिथंच जुनी वर्षं तुटतात, म्हणून कामाला लागताना जुना नंबर सांगायचा. त्या नंबराला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक आणि शेवटची भरलेली रक्कम यांचा मेसेज येतो. मेसेज मराठीत हवा असेल तर त्याच मोबाइलवरून ७७३८२९९८९९ या नंबरवर EPFOHO UAN MAR असं लिहून पाठवायचं. पूर्ण पासबुक 'उमंग' ॲपवर दिसतं. त्यात तीन रकाने असतात, कामगाराचा, मालकाचा आणि पेन्शनचा. आपल्या हिशेबाप्रमाणे तिथं दर महिन्याला १,४४०, ४४० आणि १,००० दिसले पाहिजेत. पहिल्या रकान्यात ८४० दिसत असतील तर फंड ७,००० वरच कापला जातोय, बाकीचा पगार भत्ता म्हणून दाखवलाय. एखादा महिना कोरा असेल तर तो ठेकेदाराला लगेच दाखवायचा. ठेकेदारानं भरला नाही तर ज्या कंपनीत काम चालतं तिची जबाबदारी असते, तो ठेकेदाराचा माणूस आहे असं म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. ही तपासणी दर तीन महिन्यांनी करायची. वर्षभरानं कळलं तर तोवर ठेकेदारच बदललेला असतो.

आता एसआयपी. फंड शाबूत आहे, मध्ये काढलेला नाही, घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च गटात किंवा बँकेत बाजूला आहे, एवढं झालं की मग महिन्याला ५०० रुपये बाजारात टाकायला माझी हरकत नाही. उलट टाकावेत असंच मी सांगेन. कारण पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही आणि ती उणीव भरून काढायला दुसरं फारसं काही आपल्या हातात नाही. महिन्याला ५०० रुपये वीस वर्षं १० टक्क्यांनी गेले तर पावणेचार लाखांच्या आसपास होतात, आणि भरलेले असतात १ लाख २० हजार. फंड निवडताना पूर्ण निर्देशांकात पैसे लावणारा, कमी खर्चाचा साधा इंडेक्स फंड घ्यावा. एकाच कंपनीचे शेअर नकोत. आणि ५८ वय जवळ आलं की शेवटच्या चार-पाच वर्षांत थोडे थोडे काढून बँकेत किंवा पोस्टात नेऊन ठेवायचे, म्हणजे २००९ सारखा मार्च आला तरी हळद पडत्या भावात विकावी लागणार नाही. जो कुणी महिन्याला पाच-दहा टक्के नक्की देतो म्हणतो, तो बाजारात पैसे लावतच नसतो. त्याला गटाच्या बैठकीत बसूसुद्धा देऊ नका.

ज्यांच्या पासबुकात काही चुकलेलं दिसेल त्यांच्यासाठी सांगते. भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेते. २७ ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आपल्या जिल्ह्यात त्या महिन्याची जागा कोणती, ते आधी विचारून घ्या. त्यांचा मदतीचा नंबर १४४७० आहे. जाताना यूएएन नंबर, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि जमतील तेवढ्या पगाराच्या चिठ्ठ्या न्या. कामगार वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखलेही बरोबर ठेवा. अर्ज दिला की त्याची पोच मागायला विसरू नका आणि ती गटाच्या फायलीत लावून ठेवा.